दुर्मिळ आजाराचा प्रिव्हॅलन्स काढायचाय? मग सॅम्पल साइज माणसांवरून नाही, केसेसवरून ठरवा

सर्व्हेचा प्रोटोकॉल पहिल्यांदा लिहिणाऱ्या बऱ्याच जणांकडे एक आकडा तयारच असतो, ३८४. सीनियरच्या थिसिसमध्ये असतो, आधीच्या प्रोटोकॉलमध्ये असतो, ऑनलाइन कॅल्क्युलेटर काही न भरता बटण दाबलं तरी तोच देतो. हा आकडा येतो कुठून ते आधी बघू, कारण दुर्मिळ आजारात सगळी गडबड तिथूनच सुरू होते.

फॉर्म्युला हा:

```
n = 1.96^2 * p * (1 - p) / d^2
```

यात p म्हणजे तुम्हाला अपेक्षित असलेलं प्रमाण, आणि d म्हणजे खऱ्या आकड्यापासून दोन्ही बाजूंना किती चूक चालेल ते. १.९६ हा ९५ टक्के कॉन्फिडन्ससाठीचा आकडा. p ला ०.५ आणि d ला ०.०५ दिलं की उत्तर येतं ३८४.१६, काही जण ३८४ लिहितात काही जण ३८५. म्हणजे निम्म्या लोकांना असणाऱ्या गोष्टीसाठी, पाच टक्के इकडेतिकडे चालणार असेल तर हा सॅम्पल बरोबर आहे. दुर्मिळ आजाराला यातली एकही गोष्ट लागू नाही.

पूर्ण लेखभर एकच उदाहरण घेऊन चालू म्हणजे आकडे डोक्यात राहतील. पार्किन्सनचा आजार घ्या. सगळ्या वयांची लोकसंख्या धरली तर याचा प्रिव्हॅलन्स साधारण हजारी एक ते दोन सांगितला जातो. आपण हजारी दोन धरू, म्हणजे p = ०.००२. घरोघरी जाऊन सर्व्हे करायचाय आणि हा आकडा काढायचाय.

आता ३८४ माणसं घेतली तर काय होईल? अपेक्षित केसेस ३८४ गुणिले ०.००२, म्हणजे ०.७७, एकसुद्धा नाही. एकही केस न सापडण्याची शक्यता काढायची तर ०.९९८ चा ३८४ वा घात घ्यायचा, तो येतो ०.४६. म्हणजे आजार अगदी अपेक्षेइतकाच असतानाही जवळपास निम्म्या वेळा तुमचा सर्व्हे शून्य केस घेऊन परत येणार. आणि एक केस सापडली तर प्रिव्हॅलन्स हजारी २.६, दोन सापडल्या तर हजारी ५.२. मधलं काही नाहीच, या सॅम्पलला हजारी दोन हे उत्तर देताच येत नाही.

कोणी म्हणेल की p बरोबर टाकला की झालं. टाकून बघा. p = ०.००२ आणि d तोच ०.०५ ठेवला तर n येतो ३.०७, म्हणजे चार माणसं! फॉर्म्युला चुकलेला नाही बरं का, तुम्ही जे विचारलं त्याचंच उत्तर त्याने दिलंय. तुम्ही विचारलंत की ०.२ टक्के अधिक-उणे ५ टक्के इतपत कळलं तरी चालेल, आणि उणे ४.८ ते ५.२ टक्के इतकं कळायला खरंच चार माणसं पुरतात, कारण तेवढं आपल्याला आधीच माहीत होतं. खरा दोष d मध्ये आहे.

पहिली पायरी: d हा p च्या प्रमाणात ठरवा

सरळ पाच टक्के किंवा एक टक्का असा d घ्यायचाच नाही. आधी स्वतःला विचारायचं की माझ्या अंदाजाच्या किती टक्के चूक मला चालेल. हजारी दोनच्या निम्मी चूक चालेल, म्हणजे साधारण हजारी एक ते तीनच्या मध्ये कुठेतरी आहे एवढं कळलं तरी पुरे? मग d = ०.००१. की पाव चूक चालेल, हजारी दीड ते अडीच? मग d = ०.०००५. या प्रमाणाला रिलेटिव्ह प्रिसिजन म्हणतात, आपण त्याला e म्हणू, आणि d = e × p. हे फॉर्म्युल्यात घातलं की तो असा होतो:

```
n = 1.96^2 * (1 - p) / (e^2 * p)
```

आपल्या उदाहरणात e = ०.५ घेतला तर n येतो ७,६६८. e = ०.२५ घेतला तर ३०,६७२. चूक निम्मी केली की सॅम्पल चौपट होतो, हे इथेही तसंच आहे.

पण आता या फॉर्म्युल्याकडे जरा थांबून बघा, कारण माझ्या मते या पूर्ण विषयातली सगळ्यात कामाची गोष्ट इथे आहे. p अगदी लहान असला की (१ - p) हे जवळपास १ होतं, ते सोडून द्या. मग दोन्ही बाजूंना p ने गुणलं की n × p = ३.८४ / e² एवढंच उरतं. आणि n × p म्हणजे काय, तर सर्व्हेत सापडायच्या अपेक्षित केसेस! म्हणजे आजार हजारी दोन असो, लाखात दहा असो, तुमची प्रिसिजन ठरते ती किती केसेस हाती लागल्या त्यावर, किती माणसं तपासली त्यावर नाही. निम्मी चूक चालणार असेल तर साधारण १५ केसेस लागतात, पाव चूक चालणार असेल तर ६१, पाचवा हिस्सा चालणार असेल तर ९६, आणि दहा टक्केच चूक हवी असेल तर ३८४. हो, तोच ३८४, फक्त इथे ती ३८४ माणसं नाहीत, ३८४ रुग्ण आहेत, आणि हजारी दोनने तेवढे रुग्ण मिळवायला १ लाख ९२ हजार माणसं तपासावी लागतील.

म्हणून मी नवीन लोकांना नेहमी सांगते की आधी कागदावर लिहा, मला किती केसेस हव्यात. मग त्याला p ने भागा. कॅल्क्युलेटर नंतर उघडा. असं केलं की झेपणारी स्टडी आणि न झेपणारी स्टडी यातला फरक दोन मिनिटांत दिसतो. युरोपियन युनियनमध्ये दहा हजारांत पाचपेक्षा जास्त लोकांना नसलेला आजार दुर्मिळ धरतात, त्या काठावरच्या आजारासाठी सुद्धा ६१ केसेस हव्या असतील तर सव्वा लाखाच्या आसपास माणसं लागतात. त्याहून दुर्मिळ आजारासाठी घरोघरी सर्व्हे करणं बहुतेक वेळा शक्यच नसतं, तिथे रजिस्ट्री, हॉस्पिटल रेकॉर्ड, कॅप्चर-रिकॅप्चर असे मार्ग घ्यावे लागतात, तो वेगळा विषय आहे.

e किती घ्यायचा याला ठरलेला नियम नाही. आकडा कशासाठी हवाय ते बघा. आजार आहे की नाही आणि साधारण किती मोठा प्रश्न आहे एवढंच कळायला हवं असेल तर ०.५ चालतो. औषधं किंवा तज्ज्ञ किती लागतील याचं नियोजन त्यावरून करायचं असेल तर ०.२५ च्या वर जाऊ नका, कारण हजारी एक की तीन हा फरक नियोजन करणाऱ्याला तिप्पट पडतो.

दुसरी पायरी: p कुठून आणायचा, आणि शंका असेल तर कुठल्या बाजूला झुकायचं

इथे एक सल्ला सगळीकडे ऐकू येतो की p माहीत नसेल तर ०.५ घ्या, किंवा रेंजमधला ०.५ च्या जवळचा घ्या, तोच सुरक्षित. d सरळ आकड्यात ठरवलेला असेल तेव्हा हे बरोबर आहे. पण d जेव्हा p च्या प्रमाणात असतो तेव्हा गणित उलटं फिरतं, आता लहान p ला जास्त सॅम्पल लागतो. हजारी दोनला e = ०.५ ने ७,६६८ लागले, हजारी एक धरलं तर १५,३५२ लागतात, जवळपास दुप्पट. म्हणजे जुन्या स्टडीजमध्ये हजारी एक ते दोन असा पट्टा दिसत असेल तर सुरक्षित बाजू हजारी एकची आहे. हे उलटं असल्यामुळे लोक अगदी मनापासून काळजी घेऊन, सुरक्षित म्हणून मोठा p टाकतात आणि सॅम्पल कमी पडतो.

किती कमी पडतो ते बघा. तुम्ही हजारी दोन धरून ७,६६८ माणसं घेतली, आणि खरा आकडा हजारी एक निघाला. केसेस सापडतील आठेक. आठ केसेसचा ९५ टक्के कॉन्फिडन्स इंटरव्हल येतो हजारी ०.४५ ते २.०५. खालचं टोक आणि वरचं टोक यात साडेचार पटीचा फरक, त्यातून काही ठरवणं अवघड आहे.

p शोधताना स्टडी कशी झाली होती हे वाचा, नुसता ॲबस्ट्रॅक्टमधला आकडा उचलू नका. घरोघरी तपासून काढलेला प्रिव्हॅलन्स आणि हॉस्पिटलच्या नोंदीतून काढलेला प्रिव्हॅलन्स वेगळे असतात, नोंदीत फक्त निदान झालेले येतात म्हणून तो कमी निघतो. वयाची रचना बघा, पार्किन्सनसारखा आजार वयाबरोबर झपाट्याने वाढतो, त्यामुळे म्हातारी लोकसंख्या असलेल्या ठिकाणचा आकडा तरुण लोकसंख्येला लावला तर p फुगलेला येणार. आणि निदानाची व्याख्या तुमच्यासारखीच होती का तेही बघा.

पायलट करून p काढू हा विचार मात्र दुर्मिळ आजारात सोडून द्या. २०० जणांच्या पायलटमध्ये अपेक्षित केसेस ०.४, आणि एकही न सापडण्याची शक्यता ६७ टक्के. शून्य सापडली म्हणून p शून्य धरणार का? आणि नशिबाने एक सापडली तर p हजारी पाच होतो, त्यावरून सॅम्पल काढलात तर तो गरजेच्या निम्म्याहूनही कमी येईल. पायलट जरूर करा, पण किती घरं बंद मिळतात, किती लोक नको म्हणतात, प्रश्नावलीला किती वेळ लागतो हे बघायला करा.

तिसरी पायरी: फॉर्म्युल्याने दिलेला n एक्झॅक्ट इंटरव्हलवर तपासून घ्या

वरचा फॉर्म्युला नॉर्मल ॲप्रॉक्सिमेशनवर उभा आहे, त्यात इंटरव्हल दोन्ही बाजूंना सारखा धरलेला असतो. केसेस कमी असल्या की तसं नसतं. तीन केसेस सापडल्या तर त्या पद्धतीने खालचं टोक चक्क उणे येतं, आणि प्रिव्हॅलन्स उणे कसा असेल? म्हणून n काढल्यावर अपेक्षित केसेसचा क्लॉपर-पिअर्सन, म्हणजे एक्झॅक्ट, इंटरव्हल काढून बघायचा. आर मध्ये चार ओळींचं काम आहे:

```r
p <- 0.002
e <- 0.5
n <- ceiling(1.96^2 * (1 - p) / (e^2 * p))
binom.test(15, n)$conf.int * 1000
```

शेवटच्या ओळीत १५ ही n × p ची पूर्णांकात घेतलेली किंमत. उत्तर येतं साधारण हजारी १.१ ते ३.२. आपण मनात धरलं होतं हजारी एक ते तीन. म्हणजे इंटरव्हल थोडा वर सरकलाय, अंदाजाच्या खाली ४४ टक्के आणि वर ६५ टक्के. वरचं टोक तुमच्यासाठी महत्त्वाचं असेल, उदाहरणार्थ जास्तीत जास्त किती रुग्ण असू शकतील हेच विचारलेलं असेल, तर n थोडा वाढवून परत चालवा आणि वरचं टोक हवं तिथे येईपर्यंत बघा. ६१ केसेसला हेच केलं तर हजारी १.५२ ते २.५५ येतं, तिथे ॲप्रॉक्सिमेशन आणि एक्झॅक्ट जवळजवळ जुळतात.

अजून एक गोष्ट करून बघाच. १५ ही सरासरी आहे, प्रत्यक्षात तुम्हाला १५ च सापडतील असं कुणी सांगितलंय? खरा आकडा हजारी दोनच असतानाही १० सापडू शकतात, २० सापडू शकतात, यात काहीच विशेष नाही. वरच्या ओळीत १५ च्या जागी १० टाका, इंटरव्हल येईल हजारी ०.६ ते २.४. २० टाका, येईल हजारी १.६ ते ४.० च्या आसपास. दोन्ही रिझल्ट तुम्ही रिपोर्टमध्ये टाकायला तयार असाल तर n ठीक आहे. त्यातला एखादा बघून पोटात गोळा येत असेल तर e लहान करा, आत्ताच, डेटा गोळा व्हायच्या आधी.

चौथी पायरी: टेस्ट चुकते, आणि दुर्मिळ आजारात ती चूक सगळं गिळते

आतापर्यंतचं गणित असं समजून होतं की प्रत्येक माणसाला आजार आहे की नाही हे आपल्याला अचूक कळतं. प्रत्यक्षात साडेसात हजार लोकांना न्यूरोलॉजिस्ट तपासणार नाही. हातथरथर, चालणं, अक्षर बारीक होणं असं विचारणारी प्रश्नावली असते, आरोग्य कर्मचारी ती भरून घेतात आणि पॉझिटिव्ह आलेल्यांना न्यूरोलॉजिस्ट बघतो. समजा प्रश्नावलीची सेन्सिटिव्हिटी ९० टक्के आणि स्पेसिफिसिटी ९५ टक्के आहे, ऐकायला दोन्ही छान आहेत.

७,६६८ लोकांत खरे रुग्ण १५, त्यातले १४ पकडले जातील. उरलेल्या निरोगी ७,६५३ लोकांपैकी पाच टक्के, म्हणजे ३८३ जण उगाचच पॉझिटिव्ह येतील. एकूण पॉझिटिव्ह ३९७. म्हणजे कुणी नुसत्या प्रश्नावलीवर प्रिव्हॅलन्स काढला तर तो हजारी ५२ निघेल, खऱ्याच्या २६ पट, आणि सॅम्पल मोठा असल्यामुळे इंटरव्हलही अगदी अरुंद, खात्रीशीर दिसेल. हे सगळ्यात धोकादायक आहे, कारण सॅम्पल वाढवून ही चूक कमी होत नाही, उलट चुकीच्या आकड्याबद्दलची खात्री वाढते.

यावर रोगन-ग्लॅडेन करेक्शन आहे, १९७८ साली आलेलं:

```
p = (AP + Sp - 1) / (Se + Sp - 1)
```

AP म्हणजे टेस्टने दिलेलं प्रमाण, Se सेन्सिटिव्हिटी, Sp स्पेसिफिसिटी. आपले आकडे घातले, ०.०५१७ अधिक ०.९५ वजा १, भागिले ०.८५, की बरोबर ०.००२ येतं. पण आता स्पेसिफिसिटी ९५ नसून ९५.५ आहे असं धरून बघा, उत्तर हजारी आठच्या जवळ जातं. ९४.५ धरा, उत्तर उणे येतं. अर्धा टक्का इकडचा तिकडे झाला की प्रिव्हॅलन्स चौपट किंवा उणे! आणि कुठल्याच प्रश्नावलीची स्पेसिफिसिटी आपल्याला अर्ध्या टक्क्यापर्यंत नक्की माहीत नसते, शिवाय ती एका लोकसंख्येतून दुसरीकडे गेली की बदलते. म्हणून p जेव्हा (१ - Sp) पेक्षा खूप लहान असतो तेव्हा हे करेक्शन भरवशाचं नाही, दुसरा टप्पा म्हणजे प्रत्येक पॉझिटिव्ह माणसाची तज्ज्ञाकडून खात्री करून घेणं हाच मार्ग.

याचे दोन परिणाम सॅम्पलच्या हिशोबात धरायचे. एक, न्यूरोलॉजिस्टच्या वेळेचं बजेट १५ रुग्णांचं नाही, चारशे लोकांचं करा. दोन, प्रश्नावलीतून जे दहा टक्के रुग्ण निसटले ते दुसऱ्या टप्प्यात परत येणार नाहीत, म्हणून n ला सेन्सिटिव्हिटीने भागा. पण भागल्याने केसेसची संख्या भरून निघते, आकडा खाली ओढला गेलेला तसाच राहतो, तो ॲनालिसिसमध्ये दुरुस्त करावा लागतो. त्यासाठी निगेटिव्ह आलेल्यांपैकी काहींना रँडम निवडून तज्ज्ञाकडून तपासून घेतात, पण दुर्मिळ आजारात त्या काहींमध्ये रुग्ण सापडणंच मुश्किल असतं. त्यामुळे पहिल्या टप्प्याची प्रश्नावली मुद्दाम सैल ठेवणं परवडतं, चार पॉझिटिव्ह जास्त आले तरी चालतील पण रुग्ण निसटायला नको.

आणि दुसऱ्या टप्प्याला न येणाऱ्यांकडे विशेष लक्ष द्या. १४ रुग्णांपैकी तीन जण तपासणीला आले नाहीत तर तुमचा प्रिव्हॅलन्स तिथल्या तिथे पाचव्या हिश्श्याने खाली आला. चालताच येत नाही म्हणून न आलेला माणूस बहुधा खरा रुग्णच असतो, त्याच्या घरी न्यूरोलॉजिस्ट जाईल अशी सोय आधीच ठेवा.

पाचवी पायरी: क्लस्टर आणि न मिळणारी माणसं

हे थोडक्यात, कारण हे इतर सर्व्हेसारखंच आहे. घरोघरी सर्व्हे म्हणजे बहुतेक वेळा क्लस्टर सॅम्पलिंग, वस्त्या निवडायच्या आणि प्रत्येक वस्तीतली ठरावीक माणसं घ्यायची. त्यासाठी डिझाइन इफेक्ट:

```
DEFF = 1 + (m - 1) * ICC
```

m म्हणजे एका क्लस्टरमधली माणसं, आणि ICC म्हणजे एकाच क्लस्टरमधली माणसं आजाराच्या बाबतीत एकमेकांसारखी किती असतात त्याचं माप. लोक डोळे झाकून २ लिहितात. दुर्मिळ, संसर्गजन्य नसलेल्या आजारात ICC सहसा खूप लहान असतो, पण m मोठा असतो हेही विसरू नका. ICC ०.००२ आणि m १०० धरला तर DEFF साधारण १.२. तोच m ५०० केला तर २ होतो. आजार संसर्गजन्य असेल, एकाच घरात किंवा वस्तीत गोळा होणारा असेल, किंवा आनुवंशिक असून नात्यातली घरं शेजारी शेजारी असतील तर ICC मोठा धरा आणि क्लस्टर लहान पण जास्त घ्या.

आता आपलं उदाहरण पूर्ण करू. ७,६६८ गुणिले १.२ म्हणजे ९,२०२. सेन्सिटिव्हिटी ०.९ ने भागलं, १०,२२५. समजा ८५ टक्के लोक सहभागी होतील, ०.८५ ने भागलं, १२,०३०. म्हणजे निम्मी चूक चालवून घेतली तरी बारा हजार लोकांपर्यंत जायचंय. पाव चूक हवी असेल तर हाच हिशोब ४८ हजारांच्या थोडा वर जातो. पूर्ण लोकसंख्याच लहान असेल, एखादं बेट किंवा एखादा समाज, तर फायनाइट पॉप्युलेशन करेक्शन लावता येतं, पण अशा वेळी सॅम्पल घेण्यापेक्षा सगळ्यांनाच तपासणं सोपं पडतं का ते आधी बघा.

एवढं झेपत नसेल तर

बहुतेकांचं इथेच अडतं, आणि इथेच आकडे मागून पुढे जुळवायचा मोह होतो, d वाढवत न्यायचा जोपर्यंत n हातातल्या बजेटइतका होत नाही. ते करू नका, त्यापेक्षा तीन प्रामाणिक मार्ग आहेत.

पहिला, प्रश्न अरुंद करा. पार्किन्सन साठीच्या वरच्या लोकांत साधारण शंभरी एक धरतात. फक्त साठीच्या वरचे लोक घेतले तर p = ०.०१, आणि e = ०.५ ने n येतो १,५२२, पाच पट कमी. केसेस तेवढ्याच, १५. फक्त मग उत्तरसुद्धा साठीच्या वरच्यांचंच असेल, ते सगळ्या लोकसंख्येचं म्हणून छापायचं नाही, आणि तरुण वयात सुरू होणाऱ्या केसेस या स्टडीला दिसणारच नाहीत.

दुसरा, उलटा हिशोब मांडा. समजा ३,००० लोकच शक्य आहेत. अपेक्षित केसेस ६, त्याचा एक्झॅक्ट इंटरव्हल हजारी ०.७ ते ४.४ च्या आसपास. हे सरळ लिहा की आमच्याकडून एवढंच कळेल. ज्या ठिकाणी आधी काहीच माहिती नव्हती तिथे हेही उपयोगी असू शकतं. यात एकही केस सापडली नाही तरी उत्तर शून्य नसतं, ९५ टक्के खात्रीने वरची मर्यादा ३ भागिले n येते, याला रूल ऑफ थ्री म्हणतात. ३,००० मध्ये शून्य सापडले तर प्रिव्हॅलन्स बहुधा हजारी एकच्या खाली आहे एवढं म्हणता येतं, आजार नाही असं म्हणता येत नाही.

तिसरा मार्ग फारसा कुणी वापरत नाही पण मला तो फार आवडतो, इन्व्हर्स सॅम्पलिंग. १९४५ साली हॉल्डेन यांनी मांडला. यात माणसांची संख्या ठरवतच नाहीत, केसेसची ठरवतात. समजा २० केसेस मिळेपर्यंत तपासत राहायचं, विसावी केस ११,५०० व्या माणसाला सापडली की थांबायचं. प्रिव्हॅलन्स मात्र २० भागिले ११,५०० नाही घ्यायचा, केस सापडल्यावरच थांबतोय म्हणून तो थोडा फुगतो, (२० - १) भागिले (११,५०० - १) घ्यायचा, म्हणजे हजारी १.६५. याचा फायदा असा की p चा अंदाज चुकला तरी प्रिसिजन जात नाही, कारण केसेस ठरलेल्याच आहेत. पण माणसं रँडम क्रमाने यायला हवीत, सोपी घरं आधी आणि लांबची नंतर असं झालं तर सगळं बिघडतं. निदानही लवकर पक्कं व्हायला हवं, नाहीतर थांबायचं कधी हेच कळत नाही. आणि आजार अंदाजापेक्षा दुर्मिळ निघाला तर सर्व्हे संपतच नाही, म्हणून जास्तीत जास्त किती माणसांपर्यंत जायचं तेही आधी लिहून ठेवावं लागतं.

प्रोटोकॉलमध्ये काय लिहायचं

एथिक्स कमिटी किंवा रिव्ह्यूअर तुमचा हिशोब पुन्हा करून बघू शकेल इतकं लिहा. आपल्या उदाहरणाचा मजकूर असा होईल:

"अपेक्षित प्रिव्हॅलन्स हजारी २, रिलेटिव्ह प्रिसिजन ५० टक्के, ९५ टक्के कॉन्फिडन्स यासाठी ७,६६८ व्यक्ती, म्हणजे अपेक्षित १५ केसेस. एवढ्या केसेसचा एक्झॅक्ट इंटरव्हल हजारी १.१ ते ३.२ येतो. डिझाइन इफेक्ट १.२, स्क्रीनिंगची सेन्सिटिव्हिटी ९० टक्के आणि सहभाग ८५ टक्के धरून १२,०३० व्यक्तींना भेटी दिल्या जातील. खरा प्रिव्हॅलन्स हजारी १ असल्यास सुमारे ८ केसेस मिळतील आणि इंटरव्हल हजारी ०.४५ ते २.०५ असेल. रिझल्ट क्लस्टर लक्षात घेणाऱ्या इंटरव्हलसह दिला जाईल."

यातलं शेवटून दुसरं वाक्य लोक गाळतात, अंदाज चुकला तर काय होईल हे लिहिलं की स्टडी कच्ची दिसेल असं वाटतं त्यांना. ते गाळू नका. रिव्ह्यू करताना मी आधी तेच वाक्य शोधते, आणि ते सापडलं की p पण विचार करूनच घेतला असणार असं धरून पुढे वाचते.